राखीव खुर्ची आणि गावची विहीर

महिलांसाठी जागा राखून ठेवल्याने कारभारात खरोखर काही बदलते काय, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. एक पक्ष म्हणतो, खुर्चीवर बाई असली तरी शिक्का आणि सही नवऱ्याची. दुसरा पक्ष म्हणतो, स्त्री सत्तेवर आली की सारे आपोआप सुधारते. दोन्ही मते ठाम असली, तरी त्यांच्यामागे हिशेब क्वचितच असतो. असा हिशेब एकदा काटेकोरपणे मांडला गेला, तो पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात.

७३ वी घटनादुरुस्ती १९९३ च्या एप्रिलमध्ये अंमलात आली. पंचायतींमधील एक तृतीयांश जागा आणि तितकीच प्रमुखपदे महिलांसाठी राखावीत, असे तिने ठरविले. बंगालमध्ये त्या वर्षीच्या निवडणुकीत केवळ सदस्यांच्या जागा राखीव झाल्या, प्रधानपद खुले राहिले. परिणाम असा झाला की राज्यातील ३,३२४ ग्रामपंचायतींपैकी अवघ्या १९६ पंचायतींच्या प्रधान महिला झाल्या. सभागृहात एक तृतीयांश महिला बसल्या, तरी किल्ल्या पूर्वीच्याच हाती राहिल्या. म्हणून १९९८ च्या निवडणुकीपासून प्रधानपदेही राखीव करण्यात आली.

ही पदे कोणत्या पंचायतीत राखावयाची, हे कोणाच्या मर्जीवर नव्हते. पंचायतींच्या क्रमवार यादीतून, ठरलेल्या नियमाने ती निवडली गेली. राखीव आणि बिनराखीव पंचायतींमध्ये त्यामुळे पूर्वीचा म्हणावा असा भेद नव्हता. एखाद्या पुढारलेल्या गावाने आपणहून महिलेस निवडले असते, तर नंतरची सुधारणा तिच्यामुळे झाली की गावाच्या पुढारलेपणामुळे, हे सांगता आले नसते. येथे ती अडचण उरली नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांनी ही संधी हेरली आणि २००० साली जिल्ह्यातील १६१ ग्रामपंचायतींची पाहणी केली. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातही त्यांनी अशीच पाहणी केली.

प्रथम त्यांनी स्त्रिया आणि पुरुष पंचायतीकडे कोणत्या तक्रारी नेतात, हे तपासले. दोन्ही ठिकाणी स्त्रियांची मोठी तक्रार पिण्याच्या पाण्याची होती, कारण हंडा वाहणे त्यांच्याच वाट्याला होते. रस्त्यांबाबत मात्र दोन जिल्ह्यांत फरक दिसला. बीरभूममध्ये स्त्रियाच रस्त्यांची मागणी अधिक करीत. उदयपुरात ती मागणी पुरुषांची होती. त्यानंतर प्रत्यक्ष कामे मोजली गेली. बीरभूमच्या राखीव पंचायतींत पिण्याच्या पाण्याच्या नव्या वा दुरुस्त केलेल्या सोयी इतर पंचायतींपेक्षा सरासरी सुमारे नऊने अधिक भरल्या आणि रस्त्यांची स्थितीही चांगली आढळली. उदयपुरात महिला सरपंचांनी पाण्यावर अधिक लक्ष दिले, रस्त्यांवर कमी.

या निष्कर्षाचे मर्म रस्त्यांच्या आकड्यात आहे. महिला प्रधान केवळ अधिक कार्यक्षम असत्या, तर दोन्ही जिल्ह्यांत सर्वच कामे वाढली असती. तसे झाले नाही. जेथे स्त्रियांना रस्ते हवे होते तेथे रस्ते झाले आणि जेथे नको होते तेथे ते मागे पडले. बीरभूममध्ये तर अनौपचारिक शिक्षण केंद्रांची मागणी पुरुष अधिक करीत आणि महिला प्रधानांच्या पंचायतींत त्या केंद्रांकडे कमी लक्ष गेले. म्हणजे पैसा फारसा वाढला नाही, त्याचा क्रम बदलला. लाभाबरोबर कोणती बाजू मागे राहते, हेही त्यातून स्पष्ट झाले.

या महिला प्रधान सरासरीने पुरुषांपेक्षा कमी शिकलेल्या आणि कमी अनुभवी होत्या. अनेकींना कामात पतीची मदत होत होती. ‘सही नवऱ्याची’ हा आक्षेप म्हणून अगदीच निराधार नव्हे. मात्र निर्णय पूर्णतः नवऱ्याचेच असते, तर खर्चाचा कल स्त्रियांच्या मागण्यांकडे झुकण्याचे कारण नव्हते. शिवाय प्रधान स्त्री असली की पंचायतीकडे गाऱ्हाणे घेऊन जाणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ दुपटीने वाढले होते. ज्या दाराशी जाण्याचा संकोच होता, तेथे आता आपल्यापैकीच कोणी बसलेली होती.

हा परिणाम सर्वत्र सारखा दिसत नाही, हेही नोंदविले पाहिजे. दक्षिणेतील चार राज्यांत राडू बान आणि विजयेंद्र राव यांनी केलेल्या अभ्यासात महिला प्रमुखांची कामगिरी पुरुषांहून उणी ठरली नाही, परंतु स्त्रियांच्या मागण्यांकडे झुकलेला वेगळा कलही आढळला नाही. जेथे आरक्षण अधिक काळ रुजले होते आणि वरच्या जातींचे वर्चस्व कमी होते, तेथे महिला अधिक प्रभावी ठरल्या.

श्रेय मात्र मिळाले नाही

कामाचे माप असे मिळाले, तरी गावाने त्याची दखल घेतली काय? दुफ्लो आणि पेटिया टोपालोवा यांनी अकरा राज्यांतील माहिती तपासली. महिला प्रमुखांच्या गावांत पाण्याच्या सोयी अधिक होत्या, त्यांची स्थिती किमान तितकीच चांगली होती आणि लाच द्यावी लागल्याच्या तक्रारी कमी होत्या. तरीही पाण्याच्या सोयीबाबत तेथील लोक किंचित कमी समाधानी होते.

याचे कारण पुढे बीरभूममध्येच उमगले. एकच भाषण एकदा पुरुषाच्या आणि एकदा स्त्रीच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून गावकऱ्यांना ऐकविण्यात आले. ज्या गावांत प्रधानपद कधीच राखीव नव्हते, तेथील पुरुषांनी स्त्रीचा आवाज ऐकून तिला कमी कार्यक्षम ठरविले, शब्द तेच असूनही. जेथे महिला प्रधान होऊन गेली होती, तेथे हा भेद जवळपास नाहीसा झाला होता. पुरुष नेताच बरा, ही आवड मात्र बदलली नाही. बदलला तो क्षमतेविषयीचा अंदाज. आणि दोन वेळा पद राखीव राहिलेल्या ठिकाणी, आरक्षण उठल्यावरही, अधिक महिला उभ्या राहिल्या व निवडून आल्या.

मुंबई महानगरपालिकेतही तसेच घडले. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले काही प्रभाग २००२ मध्ये खुले झाले. राज्यशास्त्रज्ञ रिखिल भावनानी यांच्या अभ्यासानुसार, त्या प्रभागांत सुमारे २२ टक्के ठिकाणी महिलाच जिंकल्या. पूर्वी राखीव नसलेल्या खुल्या प्रभागांत हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी होते. पाच वर्षांत काही महिलांची राजकीय ओळख झाली होती आणि स्त्री जिंकू शकते, हे पक्षांनाही कळले होते. तथापि ही संख्या उलटूनही वाचली पाहिजे. खुले होताच पाचांपैकी जवळपास चार प्रभाग पुरुषांकडे परत गेले.

येथेच फिरत्या आरक्षणाचा खरा पेच आहे. फिरण्यामुळे कोणताही प्रभाग कायमचा एका वर्गाचा राहत नाही, हे न्याय्य आहे. परंतु खर्चाचा क्रम पहिल्याच कारकिर्दीत बदलतो, तर लोकांचा विश्वास बदलण्यास दुसरी कारकीर्द लागते. एकीने विहीर खोदावी आणि पाणी गोड आहे हे गावाने मान्य करण्याच्या आतच खुर्ची दुसरीकडे जावी, असे वारंवार घडते. महाराष्ट्राने २०११ पासून स्थानिक संस्थांत महिलांचा वाटा निम्म्यावर नेला, त्यामुळे एकाच ठिकाणी पुन्हा पाळी येण्याची शक्यता वाढली. लोकसभा व विधानसभांसाठी २०२३ साली संमत झालेल्या १०६ व्या घटनादुरुस्तीने जागांचे फिरणे प्रत्येक निवडणुकीशी न जोडता मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडले आहे. जागा किती राखल्या, याबरोबरच त्या एका ठिकाणी किती काळ राहिल्या, यावरही पुढील हिशेब अवलंबून राहील.