पहिला स्वेटर: लोकर कोणती, सुया किती नंबरच्या?

लोकरीच्या दुकानात गेलं की काउंटरपलीकडून पहिला प्रश्न येतो, "किती प्लायची देऊ?" नवख्या विणकरणीला याचं उत्तर ठाऊक नसतं आणि सुरुवात इथून करायचीही नसते. स्वेटर कुणाला घालायचा आणि तो घरी कसा धुतला जाणार, हे आधी ठरवावं. त्यावरून लोकर ठरते, लोकरीवरून सुया ठरतात आणि कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी येतं.

उदाहरणासाठी दोन वर्षांच्या मुलाचा साधा, डोक्यातून घालायचा स्वेटर घेऊ. पहिल्या खेपेला हाच बरा. पाठ, पुढा आणि दोन बाह्या असे चारच तुकडे, आणि लोकर साधारण पाचशे मीटर पुरते.

आधी धागा कशाचा, ते पाहू. दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतात, पण गुंड्याच्या कागदी पट्टीवर बहुतेक वेळा '१०० टक्के ॲक्रिलिक' असं छापलेलं असतं. ॲक्रिलिक कारखान्यात तयार होतं. ते स्वस्त असतं, मशीनमध्ये धुतलं तरी आटत नाही आणि सहसा टोचत नाही. रोज खरकट्या हातांनी मळणाऱ्या स्वेटरला ते सोयीचं. त्याचे दोष दोन. वापरून त्यावर बोंडं येतात आणि गरम इस्त्री लागली तर वीण कायमची लुळी पडते.

मेंढीच्या लोकरीला अंगची लवचीकता असते. ताणून सोडली की ती पुन्हा जागेवर येते, त्यामुळे मनगटाची आणि कमरेची बॉर्डर सैल पडत नाही. मात्र तिच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घासली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट होतो. पट्टीवर 'सुपरवॉश' लिहिलं असेल तर या खवल्यांवर प्रक्रिया झालेली असते आणि हा धोका बराच कमी होतो. मेंढ्यांच्या जातीप्रमाणे लोकरीचा पोत बदलतो. मेरिनोचा तंतू बारीक, म्हणून मऊ. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ, म्हणून तिची घोंगडी होते. लहान मुलाच्या मानेला ती टोचेल. सुती धागा टोचत नाही, पण जड असतो आणि त्याला ताण नसतो, म्हणून पहिल्या स्वेटरला तो नको.

पट्टी नसलेली सुटी लोकर मिळाली तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर जाळून पाहावा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते, ज्योत बाजूला केली की विझते आणि तिची राख चिमटीत भुगा होते. ॲक्रिलिक वितळतं आणि गार झाल्यावर त्याची कडक गाठ राहते. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा दिसतात.

आता प्लाय. धाग्याचं टोक उलटं पिळलं की तो जितक्या पदरांत सुटतो, तितक्या प्लायचा तो धागा. पण पदर बारीकही असतात आणि जाडही, म्हणून प्लायच्या आकड्यावरून जाडी नक्की कळत नाही. त्यात देशोदेशीची बोली वेगळी. ब्रिटनमध्ये ज्याला 'डीके' म्हणतात, त्याच जाडीला ऑस्ट्रेलियात 'आठ प्लाय' म्हणतात, मग त्यात पदर कितीही असोत. म्हणून पट्टीवरच्या दुसऱ्या दोन गोष्टी पाहाव्यात: कोणती सुई सांगितली आहे आणि चार इंचांत, म्हणजे दहा सेंटिमीटरांत, किती टाके बसतात. डीकेला ४ मिलिमीटरची सुई आणि २२ टाके हे नेहमीचं माप. पहिल्या स्वेटरला हीच जाडी घ्यावी. टाके डोळ्यांना दिसतात आणि काम रेंगाळत नाही.

कंपन्यांची तुलनाही याच पट्टीवरून करायची. आपल्याकडे वर्धमान, ओसवाल, गंगा ही नावं परिचयाची आहेत, पण एकाच कंपनीचे अनेक धागे असतात, म्हणून नुसत्या नावावर भिस्त ठेवू नये. परदेशातल्या वाचकांना सहज मिळणारी दोन उदाहरणं घेऊ. ब्रिटनच्या स्टाइलक्राफ्टचं 'स्पेशल डीके' हे पूर्ण ॲक्रिलिक, १०० ग्रॅममध्ये २९५ मीटर. नॉर्वेच्या ड्रॉप्सचं 'मेरिनो एक्स्ट्रा फाइन' हे सुपरवॉश लोकरीचं, ५० ग्रॅममध्ये १०५ मीटर. दोन्हींना सुई ४ मिलिमीटरची आणि टाके २२. तरी आपल्या पाचशे मीटरसाठी पहिल्याचे २०० ग्रॅम पुरतात, तर दुसऱ्याचे पाच गुंडे, म्हणजे २५० ग्रॅम लागतात. म्हणून लोकर घेताना वजनाआधी लांबी वाचावी. सगळे गुंडे एकाच वेळी आणि एकाच लॉट नंबरचे घ्यावेत. दुसऱ्या लॉटचा रंग दुकानात सारखा वाटतो आणि विणल्यावर छातीवर आडवा पट्टा उमटतो. रंग फिका आणि एकसारखा असावा, कारण गडद लोकरीत सुटलेला टाका सापडत नाही.

सुयांच्या नंबरांत एक मेख आहे. आपल्याकडे चालणाऱ्या जुन्या ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे ३.२५. अमेरिकेत उलटं. तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची. तिथला नमुना पाहून आपल्याकडची ८ नंबर घेतली तर स्वेटर आखडणारच. म्हणून मिलिमीटर विचारावेत. आपल्या स्वेटरला बॉर्डर १० नंबरने आणि अंग ८ नंबरने विणावं. ॲल्युमिनियमच्या सुया गुळगुळीत असतात आणि नवख्या हातातून टाके निसटतात. बांबूच्या सुया टाके धरून ठेवतात.

शेवटी सगळं ठरतं ते आपल्या हातावर. कुणी घट्ट विणतं, कुणी सैल. तीस टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट असा पाच इंचांचा नमुना विणावा, स्वेटर धुणार तसाच धुवावा, वाळवावा आणि मग मधल्या चार इंचांतले टाके मोजावेत. मुलाची छाती २१ इंच असेल तर स्वेटरचा घेर २४ इंच हवा, म्हणजे पुढा १२ इंच. इंचाला साडेपाच टाके बसत असतील तर ६६ टाके घालायचे, वर शिवणीचे दोन. पण हात घट्ट असेल आणि इंचाला ६ टाके बसले, तर तेच ६६ टाके ११ इंचांत संपतात. मागचा-पुढचा धरून घेर २२ इंच होतो आणि आत शर्ट घातला की स्वेटर अंगाला चिकटतो. अशा वेळी टाके वाढवत बसू नये. ७ नंबरची, म्हणजे साडेचार मिलिमीटरची सुई घेऊन नमुना पुन्हा विणावा. चार इंचांत वीसच टाके आले तर ९ नंबर घ्यावा. बावीस जुळले की त्याच सुईने पाठीपासून सुरुवात करावी, कारण पाठीला गळ्याचा खोल आकार नसतो, आणि तेवढ्या विणकामात हात त्या लोकरीला सरावतो.