लॉनवरचं रिसेप्शन आणि पावसाचा निरोप

पाऊस थांबला म्हणजे लॉन तयार झालं, असं नसतं. काळ्या मातीत पाणी लवकर मुरत नाही. गवतावर टाच दाबली आणि खड्ड्यात पाणी वर आलं, तर तिथे मांडव, खुर्च्या आणि विजेच्या वायरी टाकणं धोक्याचं. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट असेल, तर आदल्या संध्याकाळीच निर्णय घ्यावा. केटररची भाजी भल्या पहाटे येते; त्यानंतर कळवलं तर खर्च अंगावर पडतो आणि बाहेरगावचे पाहुणे एसटीत बसलेले असतात.

निरोपात पहिल्याच ओळीत बदल यावा, दिलगिरी नंतर. उदाहरणार्थ: “शनिवारचं रिसेप्शन मुसळधार पावसामुळे पुढे ढकललं आहे. आता ते रविवारी संध्याकाळी ७ वाजता, लॉनशेजारच्या हॉलमध्ये होईल. शनिवारी कृपया येऊ नये. आधीच निघालेल्यांची राहण्या-जेवणाची सोय केली आहे. खालील नंबरवर फोन करावा. झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व.” ‘येऊ नये’ हे स्पष्ट लिहावंच लागतं, कारण ‘बघू, पाऊस उघडला तर’ असं मोघम लिहिलं की निम्मे लोक येतात.

हॉलचं बुकिंग पक्कं झाल्याशिवाय मात्र नवी वेळ कळवू नये. दुसरा बदल कळवला की पहिला आणि दुसरा, दोन्ही मेसेज ग्रुपवर फिरत राहतात. म्हाताऱ्या माणसांना फोनच करावा. लॉनच्या फाटकावर एक माणूस उभा ठेवावा. निरोप न मिळालेले कुणी ना कुणी येतातच, आणि त्यांना निदान चहा मिळायला हवा.