खोडरबर बाजूला ठेवून सोडवलेली वजाबाकी

लेखमाला : मूल्यमापन समजून घेताना — लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण आकारिक आणि संकलित मूल्यमापनातला फरक पाहिला. त्यानंतर पालकांकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. मोबाइलवर चाचणी दिली की निकाल लगेच हातात येतो, मग लहान मुलांना अजून कागदावर का बसवता? आमच्या शाळेच्या पालकसभेतही हाच प्रश्न निघाला. मी साक्री तालुक्यात अनेक वर्षे वर्ग शिकवले आणि आता जळगावात मुख्याध्यापिका आहे. पहिली ते चौथीच्या पालकांना मी जे पत्र लिहिले, तेच या आठवड्याचा लेखांक म्हणून देते आहे.

*

प्रिय पालकहो,

सप्रेम नमस्कार.

परवाच्या सभेत एका आईने विचारले, "मॅडम, मोबाइलवर तं पोरनी दहापैकी नऊ मार्क लयनात, मंग कागदवर काय हुयनं?" प्रश्न रास्त आहे. त्यांची मुलगी तिसरीत आहे. घरी मोबाइलवर दहापैकी नऊ आणि त्याच घटकावर शाळेत कागदावर दहापैकी चार, असे तिचे झाले होते. मुलगी तीच आणि धडाही तोच. मग एवढा फरक का पडला, हे तिच्या पेपरवरूनच सांगते.

प्रश्न होता ४०२ वजा १५७. एककाच्या जागी २ आहेत, त्यातून ७ जात नाहीत. दशकाकडे मागायला जावे तर तिथे शून्य. म्हणून आधी एक शतक सुटे करायचे. ४ चे ३ होतात आणि दशकाच्या जागी १० येतात. त्यातला एक दशक एककाला द्यायचा. १० चे ९ होतात आणि २ चे १२. आता १२ मधून ७ गेले ५ उरले, ९ मधून ५ गेले ४ उरले आणि ३ मधून १ गेला २ उरले. उत्तर २४५.

तिचे उत्तर होते २५५. मोबाइलवर याला एक लाल फुली मिळाली असती आणि विषय तिथेच संपला असता. कागदावर मात्र ४ वर काट मारून ३ लिहिलेले दिसत होते, शून्याच्या डोक्यावर १० होते आणि २ चे १२ झालेले होते. फक्त एक दशक देऊन झाल्यावर १० चे ९ करायचे राहून गेले होते. म्हणजे या मुलीला वजाबाकी जवळजवळ येते. तिच्याजवळ दहा मिनिटे बसले की काम झाले.

तिच्याच बाकावरच्या मुलाने ३५५ लिहिले होते. त्याने कुठेही काट मारलेली नव्हती. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता : ७ मधून २, ५ मधून शून्य, ४ मधून १. वरच्या संख्येतून खालची जाते, ही मूळ गोष्टच त्याच्या मनात अजून बसलेली नाही. त्याला दहा मिनिटे पुरणार नाहीत. त्याच्यासाठी काड्यांचे गठ्ठे काढावे लागतील, शंभराचा गठ्ठा सोडून दहाचे दहा गठ्ठे त्याच्या हाताने मोजून घ्यावे लागतील. दोघांनाही शून्य गुण, पण दोघांचे औषध वेगळे. मला कागद हवा आहे तो या निदानासाठी.

कुणी म्हणेल, मोबाइलवरच्या पर्यायांत २५५ आणि ३५५ मुद्दाम ठेवा, म्हणजे तिथेही चूक कळेल. बरोबर आहे. पर्याय विचार करून तयार केले तर थोडा माग लागतो. पण ज्याला काहीच येत नाही, ते मूलही त्यातला एक पर्याय दाबतेच. चार पर्यायांचे दहा प्रश्न वर्गातल्या चाळीस मुलांनी न वाचता नुसते दाबले, तरी हिशेबाने सुमारे नऊ मुलांना चार किंवा जास्त गुण मिळतील. त्या नऊ जणांना काही येते की येत नाही, हे निकालाच्या तक्त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही.

घरच्या चाचणीत आणखी एक गोष्ट होते आणि त्यात कुणाचाही दोष नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. आपल्या ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग थेट डिसेंबर २०२१ मध्ये उघडले. त्या काळात व्हॉट्सअॅपवर आलेले प्रश्न सोडवून घेणे, एवढाच मार्ग आपल्या सगळ्यांकडे होता. तेव्हा घरात एकच मोबाइल असे आणि वडील कामावरून परतल्यावरच तो मुलाच्या हाती येई. आई प्रश्न वाचून दाखवी, मोठा भाऊ "तिसरा दाब" म्हणे. मायेने केलेली मदत होती ती. पण तिच्यातून आलेले गुण सगळ्या घराचे होते. मूल एकटे कुठे अडते, ते त्यातून कळत नव्हते. शाळा उघडल्यावर दुसरीतली काही मुले स्वतःचे नाव लिहिताना थांबली, तेव्हा ते आम्हाला कळले.

आता भाषेविषयी. आपल्या घरांत अहिराणी बोलली जाते, रावेर-यावलकडे लेवा बोली आणि शिरपूर-साक्रीच्या डोंगरपट्ट्यात भिली-पावरी बोली. अहिराणीत आणि लेवा बोलीत 'ळ' चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, केळी म्हणजे केयी. श्रुतलेखनात मूल 'डोया' लिहिते तेव्हा त्याने ऐकलेला शब्द घरच्या उच्चारात उतरवलेला असतो. ते शुद्धलेखनातले अज्ञान नसते. बाईंना ते दिसले की त्या 'ळ' चे शब्द वेगळे घेतात आणि घरचा शब्द व पुस्तकातला शब्द शेजारी शेजारी लिहून दाखवतात. पडद्यावर 'डोळा' हा पर्याय आधीच छापलेला असतो. मूल तो ओळखते आणि दाबते. ओळखणे सोपे, स्वतः लिहिणे अवघड. पर्याय दाबून दिलेल्या चाचणीत हा 'य' आम्हाला कधीच भेटत नाही.

तिसरी गोष्ट मुलांच्या बोटाची आहे. पहिली-दुसरीतले मूल वाचताना शब्दाखाली बोट ठेवते. ओळ हरवू नये म्हणून ते आपले आपणच तसे करते, आणि आम्हीही करू देतो. हेच बोट मोबाइलवर ठेवले की पान सरकते किंवा भलताच पर्याय निवडला जातो. उताऱ्यावरचा प्रश्न असेल तर खाली प्रश्न वाचेपर्यंत उतारा वर निघून जातो. मोठ्या माणसाला परत वर जायची सवय असते. सात वर्षांचे मूल आठवेल तसे उत्तर देऊन मोकळे होते. त्यात वाचन तपासले जात नाही, मोबाइल हाताळणे तपासले जाते.

साधनामुळे पडणारा फरक इतरांनीही मोजला आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१५ आणि २०१६ मध्ये तिसरी ते आठवीची एकच परीक्षा काही शाळांनी कागदावर घेतली, काहींनी संगणकावर. संगणकावरच्या मुलांचे गुण कमी आले, आणि गणितापेक्षा भाषेत जास्त कमी आले. दुसऱ्या वर्षी फरक कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. म्हणजे सवयीने काही भरून निघते. पण गुणांतला तो फरक मुलाच्या ज्ञानाचा नव्हता, साधनाचा होता, हे त्यातून स्पष्ट होते.

"पुढे सगळ्या परीक्षा ऑनलाइनच आहेत," असे काही वडील म्हणाले. एमएचटी-सीईटी २०१९ पासून संगणकावर होते, हे खरे. पण ती बारावीची मुले असतात. त्याआधी दहावी आणि बारावीला दोन-तीन तास हाताने लिहावे लागते. तो हात पहिली ते चौथीत तयार होतो. संगणक सातवी-आठवीत सहज शिकता येतो.

कागद म्हटले की तीन तासांचा पेपर आणि मुलांच्या पोटात गोळा, असे चित्र डोळ्यांपुढे आणू नका. आपल्या राज्यातल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात पहिली-दुसरीला ७० टक्के भार आकारिक मूल्यमापनाचा आहे आणि ३० टक्के संकलित मूल्यमापनाचा. तिसरी-चौथीला हेच प्रमाण ६० आणि ४० आहे. आकारिकमध्ये निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, छोटी चाचणी आणि स्वाध्याय येतात. लेखी चाचणी हा त्यातला एक भाग आहे.

आमच्या शाळेत घटक चाचणी २० गुणांची आणि चाळीस मिनिटांची राहील. पहिली-दुसरीला त्यातले निम्मे गुण तोंडी असतील. अक्षर मोठे असेल, पान एकाच बाजूने छापलेले असेल. कच्चे काम त्याच पानावर, प्रश्नाशेजारी सोडलेल्या जागेत करायचे. खोडरबर दप्तरातच ठेवायचा. चुकले तर एक आडवी रेघ मारून शेजारी लिहायचे, कारण खोडलेल्या आकड्याबरोबर मुलाचा विचारही पुसला जातो. तपासलेला पेपर चार दिवसांत घरी येईल.

कागदाच्या मर्यादाही सांगते. चाळीस पेपर नीट वाचायला बाईंना दोन संध्याकाळी लागतात, आणि नुसते गुण टाकून पेपर परत केला तर तो मोबाइलवरच्या लाल फुलीपेक्षा काही वेगळा राहत नाही. ज्या मुलांना पेन्सिल धरणे जड जाते किंवा दिसायला अडचण आहे, त्यांची चाचणी तोंडी घेऊ. घरी पाढ्यांचा किंवा वाचनाचा सराव मोबाइलवर थोडा वेळ केलात तर माझी हरकत नाही. फक्त त्या गुणांवरून मुलाला काय येते आणि काय येत नाही, ते ठरवू नका.

पेपर घरी आला की आधी गुण बघू नका. चुकलेले एक गणित निवडा आणि मुलाला म्हणा, "हे कसं केलंस, मला सांग." ते सांगत असताना मध्ये बोलू नका. बहुतेक वेळा सांगता सांगता ते स्वतःच थांबते. ज्या मुलीपासून हे पत्र सुरू केले, ती चौथ्या दिवशी आईपुढे पेपर घेऊन बसली आणि ४०२ ची वजाबाकी मोठ्याने सांगू लागली. शून्यापाशी आली, गप्प झाली, आणि तिने पेन्सिल उचलून १० वर आडवी रेघ मारली. शेजारी ९ लिहिले. दुसऱ्या दिवशी आईने तो कागद माझ्याकडे आणून दिला.

आपली,
मुख्याध्यापिका

*

पुढील लेखांकात : तोंडी परीक्षा कशी घ्यावी, आणि लाजरे मूल गप्प बसले तर त्याला काय येते हे कसे ओळखावे.