अजिंठ्याचा हंगाम आणि कमिशनचे पत्र

अजिंठ्याची लेणी १९८३ मध्ये जागतिक वारसा यादीत आली. लेण्यांपासून सुमारे साठ किलोमीटरवरचे जळगाव हे रेल्वेने येणाऱ्यांचे मुक्कामाचे गाव असल्याने, तेथील हॉटेले आणि सहल कंपन्या यांच्यात हंगामी ‘अलॉटमेंट’चा व्यवहार होतो. हंगामातील ठरावीक खोल्या कंपनीसाठी राखायच्या, विकल्या गेलेल्या खोल्यांवर तिला कमिशन द्यायचे आणि न विकलेल्या खोल्या ‘रिलीज’च्या मुदतीपर्यंत परत घ्यायच्या, असा हा करार असतो.

कमिशन कमी करण्याची विनंती करणाऱ्या पत्राचा आधार गेल्या काही वर्षांत बदलत गेला, आणि त्या बदलाचे मूळ करात आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा कंपनीने कमिशनवर लावलेला १८ टक्के कर हॉटेलला स्वतःच्या करातून वजा करता येत असे. या वजावटीला ‘इनपुट क्रेडिट’ म्हणतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, परंतु क्रेडिट बंद झाले. पाहुण्याला खोली स्वस्त पडली, हॉटेलवर मात्र नवा भार आला. समजा, खोलीचा दर २,५०० रुपये आणि कमिशन २० टक्के आहे; पूर्वी हॉटेलचा खर्च ५०० रुपये होता, तो आता ५९० झाला. जुन्या पातळीवर परतण्यासाठीच कमिशनचा दर सुमारे १७ टक्के हवा, म्हणून १७ टक्के मागणारा मालक प्रत्यक्षात कोणतीही सवलत मागत नसतो, आणि पत्रात हे आकड्यांनी मांडणे हाच त्याचा सर्वांत बळकट मुद्दा ठरतो. १५ टक्क्यांची मागणी मात्र खरी कपात आहे, आणि तिच्या मोबदल्यात काहीतरी द्यावे लागते.

या देवाणघेवाणीची जागा दिनदर्शिकेत सापडते. लेणी सोमवारी बंद असतात, त्यामुळे रविवारी रात्री राखलेल्या खोल्या बहुधा रिकाम्या राहतात. त्या अलॉटमेंटमधून वगळल्यास कंपनीचे नुकसान होत नाही आणि मालकाला त्या इतरांना विकता येतात. तुळशीच्या लग्नानंतर जळगावात लग्नसराई सुरू होते, ती नेमकी याच हंगामात, आणि वऱ्हाडाच्या खोल्या महिनाभर आधी ठरत असल्याने सात दिवसांची रिलीज मुदत मालकाला निरुपयोगी ठरते. कंपनीने तीस दिवसांची मुदत मान्य केल्यास कमिशन १७ टक्के ठेवावे, अन्यथा सात दिवसांच्या मुदतीच्या मोबदल्यात ते १५ करावे, असा पर्याय देणारे पत्र नुसत्या विनवणीपेक्षा अधिक परिणामकारक असते.

धुळ्याला मुदतीचा हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग तेथे मिळत असल्याने परत आलेली खोली त्याच संध्याकाळी वाटसरूला विकता येते. तेथील मालकाने तीस दिवसांऐवजी दोन दिवसांची मुदत देऊन कमिशनचा दर कमी मागावा, कारण कंपनीला अखेरपर्यंत खोली हाताशी असणे मोलाचे वाटते आणि मालकाला त्यासाठी फारसे गमवावे लागत नाही.