आजीचा केसपेपर आणि चौदा आकडे

दिवाळीच्या सुट्टीत मी नोएडाला घरी गेलो, तेव्हा आजीला तापाबरोबर खोकला झाला होता. आजी-आजोबा सांगलीहून आमच्याकडे राहायला येऊन सहाच महिने झाले होते. डॉक्टरांनी विचारले, "आजी, कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन येते का?" आजी म्हणाली, "येते ना. ती एक गोळी होती, अंगावर गांधी उठल्या होत्या." गोळीचे नाव मात्र कुणालाच आठवेना. केसपेपर सांगलीच्या घरी, कपाटातल्या पिशवीत! काकांनी फोटो पाठवेपर्यंत डॉक्टरांनी औषध लिहायचे थांबवले. त्या संध्याकाळी बाबांनी मला सांगितले, "सगळ्यांचे आभा खाते काढ." सुट्टीचे चार दिवस त्यातच गेले. त्यात जे कळले, ते इथे लिहितो.

आभा म्हणजे आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा तो भाग आहे. पाच लाखांच्या मोफत उपचाराचे आयुष्मान कार्ड वेगळे आणि आभा वेगळे. आभा कुणालाही विनामूल्य काढता येते, ते ऐच्छिक आहे आणि त्यातून पैसे मिळत नाहीत. त्यात मिळतो एक १४ आकडी क्रमांक. शिवाय ईमेलसारखा दिसणारा, शेवटी `@abdm` असलेला एक पत्ता मिळतो. एनसीसीच्या परेडला प्रत्येक कॅडेटचा जसा एकच नंबर असतो, तसाच हा. कुटुंबाचा मिळून एक नंबर नसतो. आजीचा वेगळा, आईचा वेगळा, माझा वेगळा.

खाते काढणे सोपे आहे. `abha.abdm.gov.in` या संकेतस्थळावर किंवा आभा अ‍ॅपमध्ये आधार क्रमांक टाकायचा, संमतीच्या चौकोनात खूण करायची, आणि आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. पुढे संपर्कासाठी दुसरा मोबाइल द्यायचा असेल तर तोही देता येतो. आई-बाबांचे काम दहा मिनिटांत झाले. आजीपाशी गाडी अडली, कारण तिच्या आधारला काकांचा सांगलीचा नंबर जोडलेला होता. काका उसाच्या रानात, तिथे रेंज नाही. तीन वेळा ओटीपीची मुदत संपली. चौथ्या वेळी काका बांधावर येऊन उभे राहिले, तेव्हा जमले. म्हणून आधी घरातल्या प्रत्येकाच्या आधारला कुणाचा नंबर जोडला आहे, ते विचारून कागदावर लिहून घ्या. मग ज्याच्याकडे तो फोन आहे, त्याला बोलावून बसा.

मला वाटले, नंबर मिळाला म्हणजे रिपोर्ट आपोआप येतील. अ‍ॅप उघडले तर आजीचे पान कोरे. कारण आभा हे काही रिपोर्टचे कोठार नाही. रिपोर्ट त्या त्या रुग्णालयाच्या संगणकातच राहतात. आभा त्यांना फक्त एका धाग्यात ओवते. रुग्णालय या योजनेत नोंदलेले असेल आणि त्यांचे सॉफ्टवेअर जोडलेले असेल, तरच ओवता येते.

ओवण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे जातानाच आभा क्रमांक देणे. केसपेपर काढण्याच्या खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला असतो. तो अ‍ॅपने स्कॅन केला की नाव, वय, लिंग आणि आभा क्रमांक खिडकीवर पोहोचतो आणि फोनवर टोकन नंबर येतो. ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये दिल्लीच्याच लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात सुरू झाली. मग त्या भेटीची नोंद त्याच क्रमांकाखाली होऊ शकते.

दुसरा मार्ग जुन्या भेटींसाठी. अ‍ॅपमध्ये रुग्णालयाचे नाव शोधायचे. अ‍ॅप आपले नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल नंबर तिकडे पाठवते, आणि तिथला संगणक आपल्या यादीत जुळणारा रुग्ण शोधतो. सापडला तर आपल्या भेटींची यादी दिसते. त्यातल्या हव्या त्या निवडल्या की रुग्णालय ओटीपी पाठवते, पण तो त्यांच्या वहीत लिहिलेल्या मोबाइलवर!

आमचे इथेच दोनदा फसले. पहिल्यांदा नोएडातल्या एका रुग्णालयात आजी 'सापडली नाही', कारण तिथे तिचे जन्मवर्ष अंदाजे लिहिलेले आणि नंबर बाबांच्या जुन्या सिमचा होता. आधारकार्ड घेऊन खिडकीवर गेलो, दोन्ही दुरुस्त करून घेतले, आणि केसपेपरवरचा रुग्ण क्रमांकही अ‍ॅपमध्ये भरला. मग लगेच जुळले.

दुसरी चूक जास्त घातक होती. एका प्रयोगशाळेत घरातल्या सगळ्यांचा एकच मोबाइल दिलेला. खिडकीवर तो नंबर टाकला की एकाच आडनावाच्या चार नावांची यादी येते. कुणीतरी चुकीच्या ओळीवर बोट ठेवले आणि आजीचा साखरेचा रिपोर्ट आईच्या खात्यात आला. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारा आकडा ८.९ होता, म्हणजे मधुमेह बराच वाढलेला. आई घाबरली. मी रिपोर्टचा वरचा कोपरा पाहिला, तिथे वय ७१ लिहिलेले. आईचे वय ४२! हाच रिपोर्ट पुढे एखाद्या डॉक्टरांनी खरा धरला असता, तर आईला नको ती औषधे सुरू झाली असती. आम्ही प्रयोगशाळेत जाऊन तो दुरुस्त करून घेतला. तेव्हापासून घरात नियम झाला आहे: नोंद जोडली की आधी नाव, वय, लिंग आणि तारीख वाचायची, आकडे नंतर.

आणखी एक गोष्ट. जोडणे म्हणजे दाखवणे नव्हे. नोंदी खात्यात आल्या तरी डॉक्टरांना त्या आपोआप दिसत नाहीत. ते अ‍ॅपवर विनंती पाठवतात. तिच्यात कारण, कोणत्या प्रकारच्या नोंदी, कुठल्या तारखांच्या आणि किती दिवसांसाठी, हे लिहिलेले असते. आपण तारखा कमी करून मग परवानगी देऊ शकतो, नाकारू शकतो, नंतर मागेही घेऊ शकतो. आजीने मला विचारले, "मग माझे सगळे दुखणे तू वाचणार का?" खाते उघडून देणारा मी असलो, तरी परवानगीचे बटण दाबण्याआधी तिला वाचून दाखवतो आणि ती 'हो' म्हणाली तरच दाबतो.

आता सांगलीचा तो केसपेपर. तो हाताने लिहिलेला, त्यामुळे कुठल्याच संगणकात नव्हता आणि जोडता आला नाही. काकांनी पाठवलेला फोटो आजीच्या खात्यात आम्ही स्वतः चढवला. फोटोला रुग्णालयाच्या नोंदीचे वजन नसते, म्हणून डॉक्टर मूळ कागद मागू शकतात. तो आता काकांनी कुरिअरने पाठवला आहे.

सुट्टी संपताना आजीने एक चिठ्ठी करून मागितली. तिच्यावर मी मोठ्या अक्षरांत तिचे १४ आकडे लिहिले आणि खाली त्या गोळीचे नाव. चिठ्ठी तिच्या बटव्यात आहे. रेंज नसेल तेव्हा तीच उपयोगी पडेल.