सत्तर तासांचे चाळीस झाले तेव्हा

एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात विस्ताराची विमाने एकामागून एक रद्द होत होती. विमाने होती, प्रवासी होते. कमी पडले ते वैमानिक. शेवटी कंपनीला रोजच्या फेऱ्यांपैकी साधारण दहावा हिस्सा कमी करावा लागला.

टाटांनी जानेवारी २०२२ मध्ये सरकारकडून एअर इंडिया घेतली, तेव्हा सिंगापूर एअरलाइन्सबरोबरच्या भागीदारीतली विस्तारा त्यांच्याकडे आधीपासूनच होती. दोन्ही एक करायच्या तर वैमानिकांचे करारही एकसारखे हवेत. विस्तारात महिन्याला ७० तासांच्या उड्डाणाचा पगार ठरलेला असे. नव्या करारात ही हमी ४० तासांवर आली, त्यापुढच्या तासांचे पैसे वेगळे. म्हणजे ५० तास उडणाऱ्याला पूर्वी ७० तासांचे मिळत, आता ५० तासांचेच. भरपूर उडणाऱ्याला फरक कमी जाणवे. रजेवर किंवा प्रशिक्षणात असलेल्याला मोठा फटका. व्यवस्थापनाच्या लेखी ही समानता होती, वैमानिकाच्या लेखी पगारकपात. दोघेही खरे बोलत होते, आणि भांडण त्यामुळेच चिघळले.

पदाचे त्याहून नाजूक. दोन्हीकडे 'कॅप्टन' म्हणजे कॅप्टनच, पण ज्येष्ठता यादीत कोण वर? रुजू झाल्याची तारीख धरली, तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या विस्तारात लवकर कॅप्टन झालेला तरुण जुन्या कंपनीतल्या सहवैमानिकाच्या खाली जाऊ शकतो. कॅप्टनपदाची तारीख धरली, तर वर्षानुवर्षे बढतीची वाट पाहणारा मागे पडतो. यादीतली जागा म्हणजे बढतीचा क्रम, त्यामुळे पगार वाढवूनही ही जखम भरत नाही. त्यात निवृत्तीचे वय एअर इंडियात ५८, विस्तारात ६०. वरचे किती दिवस खुर्ची अडवणार, यावर खालच्याची बढती अवलंबून; म्हणून हा आकडा दिसतो त्याहून मोठा ठरतो.

रोजच्या सवयींच्या बाबतीत मात्र विमानसेवेला सक्तीच होती, आणि माझ्या मते तेच तिचे नशीब. कॉकपिटमधला शेजारी काल दुसऱ्या कंपनीत होता, म्हणून तपासणी यादी वेगळ्या पद्धतीने वाचून चालत नाही. त्यामुळे विलीनीकरणाआधीच कार्यपद्धतीच्या पुस्तिका एकसारख्या करून नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून मंजूर करून घ्याव्या लागल्या. साध्या कार्यालयात अशी सक्ती नसते. तिथे रजा कोणाकडे मागायची आणि खर्चाला मंजुरी कोणाची, हे महिनोन् महिने अधांतरी राहते, आणि माणसे गुपचूप जुन्याच साहेबाला फोन करतात.

१२ नोव्हेंबर २०२४ पासून विस्ताराची विमाने एअर इंडियाच्या नावाने उडू लागली. तिच्या उड्डाणांचे क्रमांक २ या आकड्याने सुरू होऊ लागले: UK 955 चे AI 2955 झाले. विस्ताराचे मुख्य कार्यकारी अधिकारी विनोद कन्नन यांना एअर इंडियात एकत्रीकरणाचीच जबाबदारी मिळाली. निवृत्तीच्या वयाचा प्रश्न मात्र पुढच्या वर्षापर्यंत रेंगाळला. ऑगस्ट २०२५ मध्ये वैमानिकांसाठी ६५, तर उड्डाणाशी संबंध नसलेल्या कर्मचाऱ्यांसाठी ६० असा निर्णय झाला.