मायलेज सोडा, मुक्कामाचं बोला!

नवी कार घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ पण मुंबईत गाडी पेट्रोलवर चालते, तशीच टोल आणि पार्किंगवरही चालते.

माझा एक मित्र मीरा रोडहून वरळीला कारने जायचं म्हणतोय. मी त्याचा हिशेब मांडून दिला. रोज जाऊन-येऊन 70 किलोमीटर, वर्षाला 240 दिवस. लिटरला 14 किलोमीटर आणि 105 रुपये धरले, तर पेट्रोल 1,26,000 रुपये. दहिसर नाक्यावर ऑक्टोबर 2024 पासून कारला टोल नाही, म्हणून तिथे शून्य. पण सी-लिंकचा रिटर्न टोल 150 रुपये, म्हणजे वर्षाला 36,000. ऑफिसजवळचं पार्किंग महिना 3,000 धरलं, तर आणखी 36,000. साडेसात रुपये किलोमीटरची गाडी जवळपास बारावर गेली!

20 किलोमीटर ॲव्हरेजची कार घेतली, तर पेट्रोलचे 37,800 वाचतील. टोल-पार्किंगचे 72,000 मात्र जसेच्या तसे. सी-लिंक टाळता येईल, वेळ मोजून. पार्किंग कसं टाळणार? तेव्हा बॉस, शोरूमआधी ऑफिसजवळच्या पार्किंगचा रेट विचारा. सोसायटीत जागा भाड्याची असेल, तर तेही भाडं यात मिळवा.